रजेचा अर्ज ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’: सीमाभागातल्या मराठी सरकारी कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यात एका सरकारी खात्याच्या आस्थापना टेबलावर मी बरीच वर्षं काढली. रजेचे अर्ज आत घेतले, वर पाठवले, आणि वरून परत आलेलेही कितीतरी हाताळले. परत येणाऱ्या अर्जांत अर्जदाराची चूक क्वचितच असायची. बहुतेक वेळा अर्जाला जोडलेली वरिष्ठांची ‘फॉरवर्डिंग नोट’ अपुरी असायची. म्हणून इथं अर्जापेक्षा त्या नोटेबद्दल जास्त लिहिलं आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, बेळगाव या भागातले कर्नाटक सरकारचे अराजपत्रित कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवले आहेत, आणि रजा घेतली आहे ती अर्जित रजा, म्हणजे आपण ज्याला ‘ईएल’ म्हणतो ती.

‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ म्हणजे नेमकं काय?

रजा मंजूर करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्या नावे अर्ज लिहायचा, पण तो द्यायचा आपल्या लगतच्या वरिष्ठाच्या हातात. मधल्या प्रत्येक पायरीवरचा अधिकारी त्यावर आपलं मत लिहून वर पाठवतो. ग्रामपंचायतीतल्या कर्मचाऱ्याचा कागद पीडीओंकडून तालुका पंचायतीच्या ईओंकडे जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याचा कागद वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. शाळेचा कागद मुख्याध्यापकांकडून बीईओंकडे जातो, आणि गरज पडली तर तिथून डीडीपीआयकडे. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, त्यामुळे निपाणीच्या शिक्षकाचा कागद बेळगावला नव्हे, चिकोडीला जातो. बदली होऊन आलेली मंडळी इथं हटकून चुकतात.

मंजुरी नक्की कोणत्या पायरीवर होते, ते रजेचा प्रकार, दिवस आणि खात्याचे अधिकार सोपवण्याचे आदेश यांवर ठरतं. आस्थापना टेबलावरच्या केसवर्करला ते तोंडपाठ असतं. अर्ज लिहायला बसण्याआधी त्यांना एवढंच विचारा: “माझी इतक्या दिवसांची ईएल कोण मंजूर करतं?” जे उत्तर मिळेल, त्याच्याच नावे अर्ज लिहायचा.

किरकोळ रजेलाही हाच प्रवास करावा लागतो का?

नाही. किरकोळ रजा, म्हणजे सीएल, कन्नडमध्ये ‘सांदर्भिक रजे’, लगतचा वरिष्ठच देतो आणि ती रजिस्टरात नोंदली जाते. मात्र सीएल आणि ईएल एकमेकींना जोडून घेता येत नाहीत. दोन दिवस सीएल टाकून तिसऱ्या दिवसापासून ईएल सुरू केली, तर त्या दोन दिवसांवरून अख्खा अर्ज अडतो.

इंटरनेटवर मराठीत रजेच्या अर्जाचे भरपूर नमुने मिळतात. ते चालतील का?

चालणार नाहीत, आणि आपल्या भागातली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मराठीत मिळणारे जवळपास सगळे नमुने महाराष्ट्र शासनाचे असतात. त्यांत ‘महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१’ असा हवाला असतो. आपल्याला लागू आहेत ते कर्नाटकचे नागरी सेवा नियम, म्हणजे १९५८ चे केसीएसआर. दोन्हींत शब्द सारखे दिसतात, पण आकडे वेगळे आहेत. महाराष्ट्रात किरकोळ रजा वर्षाला ८ दिवस असते. कर्नाटकात ती १५ होती. २०१९ मध्ये चौथा शनिवार सुटीचा झाला, तेव्हा ज्या कार्यालयांना ती सुटी मिळाली तिथं ती १० वर आली. निपाणीच्या कर्मचाऱ्यानं कोल्हापूरच्या मेहुण्याचा अर्ज बघून आपला लिहिला, की दुसऱ्या राज्याच्या नियमाचा हवाला असलेला कागद आपल्याच सहीनं टेबलावर येतो. नोट लिहिणाऱ्याला मग तो सुधारून मागवावाच लागतो.

अर्ज मराठीत लिहिला तर?

कर्नाटकात कारभाराची भाषा कन्नड आहे, आणि रजेची फाईल कन्नडमध्येच फिरते. मराठीतला अर्ज वरच्या कार्यालयातल्या केसवर्करला वाचता आला नाही, तर तो टिपण लिहू शकत नाही, आणि नुकसान आपलंच होतं. अर्ज कन्नडमध्येच द्या. लिहून घ्यायला सहकाऱ्याची मदत घेतली तरी सही करण्याआधी प्रत्येक ओळ समजून घ्या.

काही शब्द ओळखीचे करून ठेवा. ‘गळिके रजे’ म्हणजे अर्जित रजा. ‘अर्ध वेतन रजे’ म्हणजे अर्धवेतनी, आणि ‘परिवर्तित रजे’ म्हणजे परावर्तित रजा. पत्त्याच्या खाली ‘मूलक’ असं लिहून लगतच्या वरिष्ठाचं पदनाम येतं. आपलं ‘मार्फत’ ते हेच. तारखा ‘१० रिंद २१ रवरेगे’ अशा लिहितात, म्हणजे १० पासून २१ पर्यंत, २१ तारीख धरून. खूप जण शेवटची तारीख रुजू होण्याचीच धरतात. मग अर्जात १३ दिवस पडतात आणि नोटेत १२. ‘कर्तव्यक्के हाजरागुत्तेने’ याच्या आधी जी तारीख येते ती रुजू होण्याची, आणि ती ‘रवरेगे’च्या तारखेनंतरचीच असायला हवी.

आणखी एक बारीक गोष्ट. नाव सेवा पुस्तकात जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर बदललेलं आडनाव घरी, रेशनकार्डावर आणि पत्रिकेवर असतं, पण सेवा पुस्तकात माहेरचंच राहिलेलं असतं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. कन्नड अक्षरांत एक वेलांटी फिरली, तरी केसवर्करला दुसऱ्याच व्यक्तीचं सेवा पुस्तक हातात आल्यासारखं वाटतं. केजीआयडी क्रमांक लिहिला की ही शंका उरत नाही.

फॉरवर्डिंग नोट म्हणजे काय? वरिष्ठांनी सही करून शिक्का मारला की झालं ना?

तेवढ्यावर होत नाही. बऱ्याच ठिकाणी अर्जाच्या समासात ‘मुंदिन क्रमक्कागि सल्लिसलागिदे’, म्हणजे पुढील कार्यवाहीसाठी सादर, एवढं लिहून सही होते. या ओळीनं कागद पुढे सरकतो, पण मंजुरी देणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तो तर त्या कर्मचाऱ्याला ओळखतही नाही. त्याच्यासमोर तीन प्रश्न असतात: याच्या खात्यावर एवढी रजा आहे का? हा गेल्यावर काम कोण बघणार? आणि याच्या कार्यालय प्रमुखाचं म्हणणं काय आहे? उत्तरं नसली, तर तो ‘माहितीसह पुन्हा सादर करावे’ असं लिहितो आणि कागद परतीच्या टपालात पडतो.

नोट म्हणजे लगतच्या वरिष्ठानं घेतलेली लेखी जबाबदारी. ‘रजा शिल्लक आहे’ असं त्यानं लिहिलं, याचा अर्थ सेवा पुस्तक उघडून रजेचं पान त्यानं पाहिलं आहे. ‘कामाची सोय झाली आहे’ याचा अर्थ ज्या सहकाऱ्याकडे टेबल जाणार त्याला ते कळवलेलं आहे. म्हणूनच चांगली नोट अर्जाच्या समासात मावत नाही. तिला स्वतंत्र पत्र लागतं, कार्यालयाचा जावक क्रमांक लागतो आणि तारीख लागते.

एखादं पूर्ण उदाहरण द्याल का?

खानापूर तालुक्यातल्या एका कार्यालयात एक एसडीए बाई आहेत असं समजू. मुलीचं लग्न नोव्हेंबर २०२५ मध्ये कोल्हापुरात आहे. त्यांची रजा मंजूर करणारे अधिकारी बेळगावात बसतात.

दिनदर्शिकेवर बोट ठेवून बघा. ८ नोव्हेंबर हा दुसरा शनिवार आणि ९ ला रविवार. २२ नोव्हेंबर हा चौथा शनिवार आणि २३ ला रविवार. बाईंनी सोमवार १० नोव्हेंबर ते शुक्रवार २१ नोव्हेंबर अशी ईएल मागितली. मध्ये १६ तारखेचा रविवार येतो. ईएलमध्ये मधला रविवार मोजला जातो, म्हणून रजा १२ दिवसांची. सुरुवातीचे ८ आणि ९, शेवटचे २२ आणि २३ हे दिवस मात्र रजेला आधी आणि नंतर जोडायची परवानगी मागता येते, आणि ते खात्यातून वजा होत नाहीत. बाई शुक्रवार ७ नोव्हेंबरला संध्याकाळी टेबल सोडणार आणि सोमवार २४ ला सकाळी बसणार. सोळा दिवस घरी मिळतात, खात्यातून बारा जातात. ही परवानगी अर्जात मागितलेली असावी लागते आणि नोटेतही आलेली असावी लागते. नुसती मनात धरून चालत नाही.

आता शिल्लक. बाईंच्या मते त्यांच्याकडे १११ दिवस होते. १ जुलैला १५ दिवस जमा होऊन सेवा पुस्तकात तोच आकडा झाला होता, ते खरं. पण ऑगस्टमध्ये त्यांनी १५ दिवसांच्या रजेचं रोखीकरण करून घेतलं होतं, आणि सप्टेंबरमध्ये ४ दिवस रजा घेतली होती. १११ मधून १५ गेले, ९६ राहिले. त्यातून ४ गेले, ९२ राहिले. आता मागितलेले १२ गेले की ८० उरतील. रोखीकरणाचे पैसे पगारात येऊन खर्चही झालेले असतात, त्यामुळे ते दिवस वजा झाल्याचं माणसाच्या लक्षात राहत नाही. अर्जात १११ आणि नोटेत ९२ असं आलं, तर वरच्या कार्यालयाला खुलासा मागावाच लागतो. म्हणून अर्जात आकडा लिहायचाच असेल, तर केसवर्करकडून पान बघून लिहा, नाहीतर शिल्लक लिहिण्याचं काम नोटेवर सोडा.

त्या अर्जासोबत नोट कशी लिहावी?

प्रत्यक्ष पत्र कन्नडमध्ये जाईल. पण आधी आशय आपल्या भाषेत पक्का झाला, की कन्नडमध्ये उतरवणं सोपं जातं. मी लिहीत असे ती नोट मराठीत मांडली तर अशी होईल:

“विषय: या कार्यालयातील द्वितीय दर्जा सहायक श्रीमती ______ यांना १२ दिवसांची अर्जित रजा मंजूर करण्याबाबत.
उल्लेख: त्यांचा दि. ६-१०-२०२५ चा अर्ज.

वरील उल्लेखित अर्ज सोबत जोडून सादर करीत आहे. अर्जदारांनी मुलीच्या लग्नासाठी दि. १०-११-२०२५ पासून दि. २१-११-२०२५ पर्यंत १२ दिवसांची अर्जित रजा मागितली आहे. दि. ८ व ९ आणि दि. २२ व २३ या सुटीच्या दिवसांचा लाभ रजेच्या आधी व नंतर घेण्यास, तसेच या काळात मुख्यालय सोडून कोल्हापूर येथे जाण्यास त्यांनी परवानगी मागितली आहे. सेवा पुस्तकातील नोंदीनुसार आज रोजी त्यांच्या खात्यावर ९२ दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. रजेच्या काळात त्यांच्या टेबलाचे काम याच कार्यालयातील प्रथम दर्जा सहायक सांभाळतील. पर्यायी कर्मचाऱ्याची आवश्यकता नाही. रजा मंजूर करण्याची शिफारस करून प्रस्ताव आदेशार्थ सादर.”

शेवटचं वाक्य नीट वाचा. ‘सादर’ या शब्दाआधी ‘शिफारस करून’ आहे. हे दोन शब्द नसले, तर वरच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो, “कार्यालय प्रमुखांची शिफारस आहे की नाही?” आणि तेवढं विचारण्यासाठी एक पत्र जातं, त्याच्या उत्तरासाठी दुसरं येतं.

या सगळ्याला किती दिवस लागतात?

त्याच उदाहरणात बघू. बाईंनी सोमवार ६ ऑक्टोबरला अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी वाल्मिकी जयंतीची सुटी. बुधवारी ८ तारखेला कार्यालय प्रमुखांनी समासातली ती एक ओळ लिहून अर्ज पाठवला. शुक्रवारी तो बेळगावात आवक झाला. त्यानंतर दुसरा शनिवार आणि रविवार. पुढच्या बुधवारी, १५ तारखेला, ‘शिल्लक रजा व कामाची व्यवस्था कळवावी’ या शेऱ्यानं तो परत निघाला. २० आणि २२ ऑक्टोबरला दिवाळीच्या सुट्या होत्या. वर दिली आहे तशी पूर्ण नोट शुक्रवारी २४ ला बेळगावात पोहोचली, तर मंजुरी ३० ऑक्टोबरच्या आसपास हातात पडते. पहिलीच नोट पूर्ण असती, तर दिवाळीआधी आदेश निघाला असता.

म्हणून लांबच्या ईएलसाठी मी महिनाभर आधी अर्ज द्यायला सांगतो, आणि मध्ये सण असतील तर दीड महिना. तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे लग्नसराई सुरू होते, आणि एकाच कार्यालयातून तीन-तीन अर्ज एकदम येतात. अशा वेळी आधी आवक झालेल्या अर्जाला कामाची सोय दाखवणं सोपं असतं.

लग्नपत्रिका मराठीत आहे. जोडली तर चालेल का?

चालेल, पण तिच्यावर कन्नडमध्ये दोन ओळी लिहून सही करा: मुलीचं नाव, लग्नाची तारीख आणि ठिकाण. पत्रिका हा पुरावा पूरक आहे. त्यावरून अर्ज मंजूर किंवा नामंजूर होत नाही.

कोल्हापूर, मिरज, सांगली तर शेजारीच आहेत. मुख्यालय सोडायची परवानगी कशाला?

निपाणीहून कोल्हापूर बेळगावापेक्षा जवळ आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नियमाला अंतर कळत नाही, कार्यक्षेत्र कळतं. रजेत असलेला कर्मचारी कुठं आहे, निवडणुकीच्या किंवा पुराच्या कामासाठी परत बोलवायचं झालं तर त्याला कुठं गाठायचं, हे कार्यालयाला माहीत असावं लागतं. म्हणून अर्जात रजेच्या काळातला पत्ता आणि फोन लिहा, आणि कन्नडमध्ये ‘केंद्र स्थान’ सोडण्याची परवानगी मागा. परदेशात जायचं असेल तर विषयच वेगळा. तिथं रजेसोबत स्वतंत्र पूर्वपरवानगी लागते.

साहेब अर्ज पुढे पाठवतच नाहीत. काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात दर वेळी काळजी असते.

रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे केसीएसआरमध्ये स्पष्ट आहे. कामाची निकड असेल तर मंजुरी देणारा अधिकारी नकार देऊ शकतो, तारखा बदलायला सांगू शकतो. पण हा अधिकार मंजुरी देणाऱ्याचा आहे. मधल्या वरिष्ठाला अर्ज नाकारण्याचा किंवा खणात ठेवून देण्याचा अधिकार नाही. त्याला रजा द्यावीशी वाटत नसेल, तर त्यानं नोटेत तसं लिहावं: या महिन्यात अमुक मोहीम चालू आहे, दुसरा सहायक रजेवर आहे, म्हणून शिफारस नाही. कारण लिहून ‘शिफारस नाही’ असा शेरा मारलेला अर्जसुद्धा वर जायलाच हवा.

अर्ज देताना दोन प्रती घ्या आणि एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. हा एवढा कागद नंतर फार उपयोगी पडतो. आठ-दहा दिवस काही हालचाल झाली नाही, तर त्याच वरिष्ठांना आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र द्या. तरीही कागद हलला नाही आणि तारीख जवळ आली, तर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला ‘अॅडव्हान्स कॉपी’ पाठवता येते. तिच्यावर मूळ अर्ज योग्य मार्गानं, अमुक तारखेला, अमुक आवक क्रमांकानं सादर केला आहे, असं ठळक लिहावं. तिनं मूळ अर्जाचा मार्ग बदलत नाही; वरच्या अधिकाऱ्याला खालच्याकडे चौकशी करायला आधार मिळतो, एवढंच.

एक गोष्ट मात्र करू नका. आमदारांची किंवा दुसऱ्या कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी जोडू नका, त्यांच्याकडून फोनही करवून घेऊ नका. कर्मचाऱ्यानं आपल्या नोकरीच्या बाबतीत बाहेरून दबाव आणणं आचार नियमांत बसत नाही, आणि कर्नाटकचे २०२१ चे आचार नियम आज लागू आहेत. साध्या रजेचा अर्ज त्या चिठ्ठीमुळं चौकशीचा विषय होऊ शकतो.

नोट लिहिणारे साहेबच रजेवर असतील तर?

ज्यांच्याकडे प्रभार आहे ते लिहितील. मात्र सहीखाली पदनामासोबत ‘प्रभारी’ असं यायला हवं.

माझा पगार एका कार्यालयातून निघतो आणि काम दुसऱ्या कार्यालयात आहे. अर्ज कुणाकडे द्यायचा?

नियोजनावर, म्हणजे प्रतिनियुक्तीवर, काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची ही खरी अडचण आहे. सेवा पुस्तक मूळ कार्यालयात असतं, पगार तिथला डीडीओ काढतो, पण कामाची सोय कशी लागणार हे ज्या कार्यालयात तुम्ही बसता त्यांनाच ठाऊक असतं. अर्ज कामाच्या ठिकाणच्या प्रमुखांकडे द्या. त्यांची नोट कामाच्या व्यवस्थेबद्दल आणि शिफारशीबद्दल असेल. ती मूळ कार्यालयात गेल्यावर तिथं शिल्लक रजेची नोंद जोडली जाईल, आणि मग कागद पुढे जाईल. अशा वेळी एका नोटेत सगळं मावत नाही, दोन लागतात. पहिल्या नोटेत शिल्लक रजा अंदाजानं लिहिली गेली, तर दुसऱ्या नोटेतल्या आकड्याशी तिची गाठ पडते आणि फाईल थांबते. ज्याच्या हातात सेवा पुस्तक नाही, त्यानं शिल्लक लिहू नये.

आजारपणाची रजा असेल तर नोटेत काय बदलतं?

दोन गोष्टी बदलतात. परावर्तित रजा घेतली तर अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. १० दिवस परावर्तित रजा म्हणजे २० दिवस अर्धवेतनी रजा गेली. नोटेत शिल्लक अर्धवेतनी रजा लिहायची, ईएल नाही. घाईत उलट लिहिलं जातं.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. सीमाभागातले कितीतरी लोक उपचाराला मिरजेला किंवा कोल्हापूरला जातात. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, आजाराचं नाव आणि किती दिवस विश्रांती हवी हे स्पष्ट असावं. शंका आली तर मंजुरी देणारा अधिकारी सरकारी डॉक्टरांचं दुसरं मत मागू शकतो, त्यात अपमान वाटून घेऊ नका. परत रुजू होताना ‘काम करण्यास सक्षम’ असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते नसेल तर रुजू करून घेताना अडचण येते.

आजारपणात अर्ज आधी देणं शक्य नसतं. अशा वेळी घरच्या कुणाकडून लगतच्या वरिष्ठांना लेखी कळवा. फोनवर “साहेब, बरं नाही” असं सांगितल्याची नोंद कुठल्याच फाईलीत नसते.

रजा वाढवायची असेल तर?

मंजूर रजा संपण्याआधी त्याच मार्गानं दुसरा अर्ज द्यायचा. आधीच्या मंजुरी आदेशाचा क्रमांक त्यात हवा. रजा संपल्यावर घरी बसून राहिलं आणि वाढीव रजा मंजूर झालेली नसेल, तर ते दिवस विनापरवाना गैरहजेरी ठरू शकतात. मग प्रश्न रजेचा राहत नाही. पगार अडतो, नोटीस येते, आणि सेवेत खंड धरण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आता अर्ज एचआरएमएसमधून करता येत असेल तर कागद कशाला?

जिथं कर्मचारी लॉगिनमधून अर्ज करायची सोय सुरू झाली आहे, तिथं ती जरूर वापरा. पण प्रवास तोच राहतो: अर्ज लगतच्या वरिष्ठाच्या खात्यात जातो आणि त्याचा शेरा पुढे दिसतो. शेऱ्याच्या चौकटीत नुसतं ‘फॉरवर्डेड’ लिहिलं, तर ते समासातल्या त्या एका ओळीसारखंच आहे. वरिष्ठांना विनंती करा की शिल्लक, कामाची सोय आणि शिफारस हे तीन मुद्दे शेऱ्यात यावेत.

मी कंत्राटी आहे. मला हे लागू आहे का?

हे नियम नियमित सरकारी कर्मचाऱ्यांचे आहेत. अतिथी शिक्षक, कंत्राटी आणि आउटसोर्स कर्मचाऱ्यांची रजा त्यांच्या करारात किंवा नेमणुकीच्या आदेशात असते. तो आदेशच बघा.

मंजुरीचा आदेश आला. आता काम संपलं का?

अजून दोन गोष्टी राहिल्या. निघायच्या दिवशी टेबलाचा चार्ज लेखी द्या: कोणत्या फाईली, कोणती रजिस्टरं, कोणत्या किल्ल्या, कुणाच्या ताब्यात. परत आलात की रुजू अहवाल द्या, सकाळी, तारखेसह, आणि त्याच्याही प्रतीवर आवक घ्या.

मग महिनाभरानं केसवर्करकडे जाऊन सेवा पुस्तकातलं रजेचं पान एकदा डोळ्यांनी बघा. उदाहरणातल्या बाईंच्या पानावर १० ते २१ नोव्हेंबर, १२ दिवस, शिल्लक ८० असं हवं. आधी आणि नंतर जोडलेले शनिवार-रविवार चुकून वजा झाले, तर तिथं ७६ दिसेल. हे असं घडताना मी पाहिलं आहे. आदेशाची प्रत हातात असेल, तर ती चूक तिथल्या तिथं दुरुस्त होते. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात, तेव्हा ते चार दिवस शोधायला जुन्या फाईली सहसा सापडत नाहीत.